नौपाडा ते नेरुळ: अधांतरी साडेचार हजार

समजा, ठाण्यातल्या एका सहकारी बँकेने आपली खाती दोन मशिनवर वाटली आहेत. ठाणे शहरातल्या शाखा एका मशिनवर, नवी मुंबईतल्या दुसऱ्यावर. हे शार्डिंग. आता या प्रत्येक मशिनची एकेक प्रत ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये ठेवली, तर ते रेप्लिकेशन. शार्डिंगमुळे भार विभागला जातो. रेप्लिकेशनमुळे एक मशिन बसलं तरी डेटा वाचतो. पहिल्याने एक नवी डोकेदुखीही येते आणि ती नुसत्या प्रती वाढवून जात नाही.

नौपाड्यातल्या खात्यातून नेरुळच्या सोसायटीच्या खात्यात मेंटेनन्सचे ४,५०० रुपये जायचे आहेत. एका मशिनवरून वजा, दुसऱ्यावर जमा. दोन्ही व्हायला हवं, नाहीतर काहीच नको. यासाठी टू-फेज कमिट वापरतात. जिम ग्रे यांनी १९७८ साली त्याचं वर्णन लिहिलं आणि पद्धत आजही मुळात तीच आहे.

व्यवहार चालवणारा एक कोऑर्डिनेटर असतो. तो आधी दोन्ही मशिनना विचारतो, ‘तयार आहात?’ ठाण्याचं मशिन शिल्लक बघतं, खात्यावर लॉक लावतं, बदल डिस्कवर लिहून ठेवतं आणि मग ‘हो’ म्हणतं. नवी मुंबईही तसंच करते. दोन्ही ‘हो’ आले की कोऑर्डिनेटर आपल्या लॉगमध्ये ‘कमिट’ लिहितो. निर्णय होतो तो याच क्षणी. त्यानंतर तो दोघांना कळवतो, दोघं लॉक सोडतात. एकाने जरी ‘नाही’ म्हटलं, तर सगळं रद्द.

‘हो’ म्हणेपर्यंत प्रत्येक मशिन स्वतःच्या मर्जीने माघार घेऊ शकतं. ‘हो’ म्हटल्यावर मात्र ते शब्दाला बांधलं जातं. आणि नेमका त्याच वेळी कोऑर्डिनेटर बंद पडला तर?

ठाण्याचं मशिन नवी मुंबईला विचारू शकतं. तिला निर्णय कळलेला असेल, किंवा तिने मुळात ‘हो’च म्हटलं नसेल, तर प्रश्न सुटतो. पण तीही ‘हो’ म्हणून वाट बघत असेल तर दोघांनाही काही करता येत नाही. दोघांनी मिळून व्यवहार रद्द का करू नये? कारण कोऑर्डिनेटरने बंद पडण्याआधी ‘कमिट’ लिहून ग्राहकाला ‘पैसे गेले’ असं सांगितलेलंही असू शकतं. मग मिळून कमिट का करू नये? एखादं उत्तर वेळेत पोचलं नाही म्हणून त्याने रद्द ठरवलेलं असू शकतं. खरं काय ते फक्त त्या बंद मशिनच्या डिस्कवर आहे. तोवर दोन्ही खात्यांवर लॉक. सोसायटीच्या खात्यात तर इतर सभासदांचेही पैसे यायचे असतात, तेही तुंबतात.

पोस्टग्रेस वापरणाऱ्यांना हे अडकलेले व्यवहार असे दिसतात:

```sql
SELECT gid, prepared, owner
FROM pg_prepared_xacts;
```

`prepared` मधली वेळ तासाभरापूर्वीची असेल, तर काहीतरी बिनसलंय हे नक्की. डेटाबेस रीस्टार्ट करून उपयोग नाही, कारण दिलेला शब्द डिस्कवर आहे. व्यवहार आणि त्याचं लॉक दोन्ही परत उभे राहतात. `ROLLBACK PREPARED` देऊन हाताने सोडवता येतं, पण तो अंदाज असतो. रात्री दोन वाजता घाईने केलेला असा अंदाज चुकला, की ताळेबंद जुळत नाही.

मग कोऑर्डिनेटरच्या लॉगचीच प्रत ठेवली तर? दिशा बरोबर आहे, पण प्रत कशी ठेवता यावर सगळं अवलंबून आहे. प्रत जरा मागून पोचत असेल, तर हे घडू शकतं: कोऑर्डिनेटरने ‘कमिट’ लिहिलं, नेरुळला कळवलं आणि बंद पडला. बदली मशिनच्या लॉगमध्ये ती नोंद पोचलेलीच नाही. नोंद नाही म्हणजे रद्द, असा बऱ्याच यंत्रणांचा नियम असतो. म्हणून बदली मशिन ठाण्याला ‘रद्द’ सांगतं. सोसायटीला ४,५०० मिळाले, नौपाड्यातून गेले नाहीत. माझ्या मते हे अडकण्यापेक्षा वाईट, कारण इथे कुठलीच यंत्रणा कुरकुर करत नाही.

म्हणून निर्णय कळवण्याआधी तो बहुसंख्य प्रतींवर, म्हणजे तीनपैकी किमान दोनांवर, लिहिला गेलाच पाहिजे. गूगलच्या स्पॅनरमध्ये अशीच रचना आहे: प्रत्येक शार्ड हा प्रतींचा एक गट, कोऑर्डिनेटरचं कामही अशाच एका गटाकडे. गटाचा म्होरक्या गेला की दुसरा लॉग वाचून पुढे चालू करतो. तीनपैकी दोन प्रती एकदम गेल्या, तर मात्र पुन्हा तेच लॉक आणि तीच वाट बघणं.

शिवाय प्रत्येक पायरीला जास्तीच्या फेऱ्या पडतात. त्यामुळे खाती वाटतानाच सोसायटी आणि तिथल्या रहिवाशांची खाती शक्यतो एकाच शार्डवर ठेवणं परवडतं. नेरुळच्या रहिवाशाचा मेंटेनन्स मग एकाच मशिनवर उरकतो. टू-फेज कमिट लागतं ते नेरुळला फ्लॅट असलेल्या नौपाडकरांसाठी.