‘नीदर’नंतर ‘इज’ की ‘आर’?

पॅथॉलॉजी लॅबमधून रक्ताचा आणि लघवीचा असे दोन रिपोर्ट यायचे आहेत, अजून एकही आलेला नाही. हे डॉक्टरांना इंग्रजीत कळवायचं तर आपल्यापैकी बरेच जण लिहितील, ‘बोथ रिपोर्ट्स हॅव नॉट कम’. मराठीत ‘दोन्ही रिपोर्ट आले नाहीत’ म्हटलं की बहुतेकदा एकही आला नाही असाच अर्थ घेतला जातो, त्यामुळे हे वाक्य आपल्याला खटकत नाही. इंग्रजी ज्याची मायबोली आहे त्याला मात्र शंका येते: दोन्ही नाही, म्हणजे एक आला की काय? इंग्रजीत अशा वेळी ‘बोथ’ला नकार जोडत नाहीत, ‘नीदर’ वापरतात: ‘नीदर रिपोर्ट हॅज कम’. या बदलात ‘रिपोर्ट्स’चं ‘रिपोर्ट’ झालं आणि ‘हॅव’चं ‘हॅज’. रिपोर्ट दोनच आहेत, तरी क्रियापद एकवचनी.

याचं कारण असं, की ‘बोथ’ दोघांना एकत्र धरतो, तर ‘ईदर’ आणि ‘नीदर’ त्या दोघांकडे एकेक करून बघतात. ‘बोथ’ला म्हणून कायम ‘आर’ आणि ‘हॅव’. ‘ईदर डेट इज फाइन’ म्हणजे दोन तारखांपैकी कुठलीही एक घ्या, चालेल. ‘नीदर’ म्हणजे हीही नाही आणि तीही नाही. आपणही ‘दोघींपैकी एकही आली नाही’ असंच म्हणतो, ‘आल्या नाहीत’ म्हणत नाही. तिथे मराठी कान बरोबर वाट दाखवतो.

हे तिन्ही शब्द फक्त दोनांसाठी आहेत. तीन रिपोर्ट असतील तर ‘नीदर’ चालत नाही, ‘नन’ लागतो. जुन्या इंग्रजीत ‘आपण दोघं’ आणि ‘तुम्ही दोघं’ यांच्यासाठी वेगळी सर्वनामं होती, म्हणजे संस्कृतातल्या द्विवचनासारखी सोय. ती सर्वनामं गेली, पण दोनांचा वेगळा हिशोब या तीन शब्दांत टिकला. (‘बोथ’ आणि संस्कृत ‘उभौ’ हे मुळात एकाच घराण्यातले.)

खरी पंचाईत ‘ऑफ’ आल्यावर होते. ‘नीदर ऑफ द रिपोर्ट्स…’ इथवर लिहिलं की हात आपोआप ‘आर’कडे जातो, आणि इंग्रजी मायबोली असणाऱ्यांचाही जातो. कॅथरिन बॉक आणि कॅरोल मिलर या मानसशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये अशाच ओढीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. ‘द की टु द कॅबिनेट्स’सारखा वाक्याचा तुकडा ऐकवायचा आणि समोरच्याने तो पुन्हा म्हणून वाक्य पुरं करायचं. किल्ली एक आहे, कपाटं अनेक. तरीही काही वेळा लोकांच्या तोंडून अनेकवचनी क्रियापद निघालं, कारण क्रियापदाच्या अगदी शेजारी ‘कॅबिनेट्स’ बसलेलं होतं. उलट ‘द कीज टु द कॅबिनेट’ म्हटलं तर एकवचनाकडे घसरण जवळपास झालीच नाही. याचं एक स्पष्टीकरण असं, की इंग्रजीत अनेकवचनावर ‘एस’ची खूण असते आणि एकवचन बिनखुणेचं असतं, ओढते ती खूण.

‘नीदर ऑफ द रिपोर्ट्स’मध्ये ओढ दुहेरी आहे. शेजारी अनेकवचन आहेच, शिवाय मनातही दोन रिपोर्ट आहेत. म्हणून बोलण्यात ‘नीदर ऑफ देम आर’ सर्रास ऐकू येतं आणि आजची वर्णनात्मक व्याकरणं त्याला चूक ठरवत नाहीत. परीक्षेत किंवा औपचारिक पत्रात मात्र ‘इज’च लिहावं. शंका आली तर ‘ऑफ’पासूनचा भाग बोटाने झाकून वाचा: ‘नीदर इज रेडी’. ‘ऑफ’ नसेल तर प्रश्नच उरत नाही. ‘नीदर रिपोर्ट आर’ कुणीही म्हणत नाही.

हीच युक्ती ‘ऑल’ला लावली तर फसगत होते. ‘ऑल’ला स्वतःचं वचन नाही, ते पुढे येणाऱ्या नामाकडून घ्यावं लागतं. ‘ऑल ऑफ द मिल्क इज’, पण ‘ऑल ऑफ द चिल्ड्रन आर’. मराठीत ‘सगळं दूध’, ‘सगळी मुलं’ असा शब्दच रूप बदलतो. इंग्रजीतला ‘ऑल’ ढिम्म राहतो, म्हणून तिथे झाकायचं नाही, उलट नीट बघायचं. ‘नन’ही दुधाबरोबर ‘इज’ घेतो. मुलांबरोबर काय, यावर जुने शिक्षक अडून बसतात, की ‘नन’ म्हणजे ‘एकही नाही’, तेव्हा ‘इज’च हवं. व्युत्पत्ती त्यांच्या बाजूने आहे, पण वापर नाही. ‘नन’ला अनेकवचनी क्रियापद जुन्या इंग्रजीपासून लागत आलं आहे, त्यामुळे ‘नन ऑफ द चिल्ड्रन आर’ लिहिणाऱ्याचे गुण कापणं मला अन्यायाचं वाटतं.

साध्या भूतकाळात हा सगळा घोळ दिसेनासा होतो. ‘नीदर केम’, ‘बोथ केम’, ‘नन केम’, क्रियापद एकच. तिथे अडतं फक्त ‘वॉज’ आणि ‘वेअर’पाशी.