आम्ल-आम्लारी समतोल आणि भरपाई

धमनीतील रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात टिकवून ठेवण्याची शरीराची व्यवस्था म्हणजे आम्ल-आम्लारी समतोल. पीएच ठरतो तो बायकार्बोनेट आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड यांच्या गुणोत्तरावरून. निरोगी माणसात बायकार्बोनेट २४ मिलीमोल प्रति लिटर असते. कार्बन डायऑक्साइडचा दाब ४० मिमी पारा असतो, त्याला ०.०३ ने गुणले की विरघळलेला वायू १.२ मिलीमोल येतो. गुणोत्तर २० आणि पीएच ७.४०. यांतला एक आकडा आजाराने हलला, की दुसरा त्याच दिशेने हलवून गुणोत्तर २० च्या जवळ आणणे, ही भरपाई. समतोल आणि भरपाई यांची गल्लत होते, कारण दोन्हींत पीएच सावरताना दिसतो. भरपाईत मूळ बिघाड मात्र तसाच राहतो.

मधुमेहातील कीटोॲसिडोसिस घेऊ. इन्सुलिनअभावी यकृतात तयार होणारी कीटोआम्ले रक्तात साचतात आणि त्यांना निष्प्रभ करण्यात बायकार्बोनेट खर्ची पडते. समजा ते १२ वर आले. दाब ४० च राहिला असता, तर गुणोत्तर १० आणि पीएच ७.१० झाला असता. पण आम्लता वाढल्याचे मानेतील कॅरोटिड बॉडींना कळते आणि रुग्ण खोल, जोरकस श्वास घेऊ लागतो. हाच कुसमाउल श्वास. दाब २६ पर्यंत उतरतो, गुणोत्तर १५ च्या थोडे वर जाते आणि पीएच ७.२९ होतो. बायकार्बोनेट अजूनही १२ च आहे! फुप्फुसांनी ते वाढवलेले नाही, फक्त छेद लहान केला आहे. बायकार्बोनेट वर येते ते इन्सुलिन आणि सलाइन दिल्यावर, कीटोआम्ले तयार होणे थांबून त्यांचे ज्वलन झाले की, आणि उरलेली तूट मूत्रपिंडे भरून काढतात तेव्हा. त्याला दुरुस्ती म्हणावे.

श्वसनाची ही भरपाई काही मिनिटांत सुरू होते, पूर्णत्वाला साधारण १२ ते २४ तास लागतात. ती किती असावी हे विंटर्सच्या सूत्राने काढतात: बायकार्बोनेटची दीडपट अधिक ८, दोनचा फरक चालतो. १२ साठी उत्तर २६ येते.

खरी कसोटी इथेच लागते. याच रुग्णाच्या दुसऱ्या एबीजीत, म्हणजे धमनीतील रक्ताच्या वायू-तपासणीत, बायकार्बोनेट १२ आणि दाब ३८ आला, तर विद्यार्थी ३८ ला ‘नॉर्मल’ म्हणून पुढे जातो. अपेक्षित आकडा २६ असताना ३८ येणे म्हणजे श्वसनजन्य ॲसिडोसिसची, श्वास अपुरा पडून वाढलेल्या आम्लतेची, भर. पीएच ७.१२ वर घसरलेला असतो. रुग्ण थकला असेल, न्यूमोनिया झाला असेल किंवा शुद्ध हरपत असेल. श्वास शांत वाटतो म्हणून निश्चिंत होऊ नये. उलट बायकार्बोनेट १२ असूनही पीएच थेट ७.४० दिसला, तर तेही भरपाईचे यश नाही. निव्वळ श्वसनाची भरपाई कीटोॲसिडोसिससारख्या चयापचयी ॲसिडोसिसमध्ये इतकी मजल मारत नाही, म्हणून सोबत श्वसनजन्य अल्कलोसिस, म्हणजे गरजेपेक्षा जास्त श्वासाने कार्बन डायऑक्साइड घटणे, शोधावा. सेप्सिस किंवा ॲस्पिरिनची विषबाधा ही त्याची नेहमीची कारणे.