जाहीर झालेला व्याजदर आणि खरा व्याजदर: कर्ज महाग आहे की स्वस्त, हे कशावरून ठरतं?

मध्यवर्ती बँकेने दर वाढवला की बातमी येते ‘कर्ज महागलं’, आणि आपणही तो आकडा बघून मोकळे होतो. पण माणूस कर्ज काढेल की थांबेल हे नुसत्या त्या आकड्यावर ठरत नाही, त्यातून महागाई वजा केल्यावर जे उरतं त्यावर ठरतं, आणि त्यालाच खरा व्याजदर म्हणतात. लोक या दोघांची कायम गल्लत करतात.

तुर्कीचंच बघा ना. सप्टेंबर 2021 पासून तिथल्या मध्यवर्ती बँकेने दर 19 टक्क्यांवरून खाली आणत डिसेंबरपर्यंत 14 वर नेला. 14 टक्के म्हणजे बऱ्याच देशांच्या मानाने जबर व्याज वाटतं, पण त्याच डिसेंबरात वार्षिक महागाई 36 टक्के होती. आता समजा कोणी त्याआधी वर्षभर 100 लिरा 14 टक्क्यांनी वापरले, तर फेडायचे 114. पण वर्षापूर्वी 100 ला मिळणारा माल आता 136 ला झालाय, म्हणजे परत केलेल्या 114 मध्ये जुन्या भावाने जेमतेम 84 लिरांचाच माल येतो. कर्ज घेणारा फायद्यात, पैसे ठेवणारा तोट्यात! मग बचत कोण करणार, जो तो वस्तू, सोनं, डॉलर घ्यायला धावतो, लिरा घसरतो, आयात महागते आणि भाव अजून चढतात. ऑक्टोबर 2022 ला महागाई 85 टक्क्यांच्या वर गेली, आणि दर तेव्हा 10.5 टक्के होता.

पुढे धोरण उलटं फिरलं आणि मार्च 2024 मध्ये दर 50 टक्के झाला. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते यापुढचं. मे 2024 ला महागाई 75 टक्के होती, म्हणजे वजाबाकी केली तर खरा दर अजून उणेच. नंतर बँकेने कित्येक महिने दराला हातही लावला नाही, पण नोव्हेंबरपर्यंत महागाई साधारण 47 वर आली आणि तोच 50 चा दर आपोआप कडक झाला. जाहीर आकडा तिथेच आणि कर्जाचा भार मात्र वाढलेला.

यात एक अडचण आहे. वजा करायची महागाई गेल्या वर्षीची नाही, पुढच्या वर्षीची, कारण कर्ज पुढे फेडायचंय. ती कुणालाच नक्की माहीत नसते, जो तो अंदाज बांधतो. म्हणजे दर 50 असताना ज्याला पुढे 30 टक्के महागाई दिसतेय त्याला कर्ज भयंकर महाग वाटेल आणि तो खरेदी पुढे ढकलेल, आणि ज्याला 70 दिसतेय तो आजच उचलेल. म्हणून मध्यवर्ती बँका लोकांना आणि धंदेवाल्यांना ‘येत्या वर्षभरात भाव किती वाढतील असं वाटतं?’ असं सर्व्हे करून विचारत असतात. ते उत्तर खाली येत नसेल तर दर वाढवूनही खर्चाला लगाम बसत नाही.