आर्किटेक्चर बोर्डाकडे अपवाद मागताना: पात्रता, कागदपत्रे आणि नोंद

प्रकल्पाचे डिझाइन आर्किटेक्चर बोर्डासमोर गेले आणि ते संस्थेच्या मानकातल्या एखाद्या कलमात बसले नाही, तर डिझाइन बदलता येते किंवा अपवाद मागता येतो. टोगाफ या चौकटीत अपवादाला ‘डिस्पेन्सेशन’ म्हणतात आणि तो ठरावीक मुदतीपुरताच असतो. कायमचा अपवाद हवा असेल, तर मानक बदलण्याचा प्रस्ताव द्यावा लागतो. तो अर्ज वेगळा.

अर्ज कोण करू शकतो

अर्ज प्रकल्पाने करायचा, पण जोखीम स्वीकारल्याची सही त्या सेवेच्या व्यवसायप्रमुखाची लागते. ही सही डेव्हलपरची किंवा आर्किटेक्टची चालत नाही, कारण काही बिघडले तर नुकसान सोसणारा आणि दुरुस्तीला पैसे देणारा माणूस तो नसतो. मानकाचा अर्थच संदिग्ध वाटत असेल, तर अपवाद मागण्याआधी बोर्डाकडून खुलासा घ्या. निम्मे अर्ज तिथेच मिटावेत असे मला वाटते. आणि कायद्याने किंवा बाहेरच्या करारानेच घातलेले बंधन असेल, तर अंतर्गत बोर्डाला ते शिथिल करण्याचा अधिकारच नाही.

कागदपत्रे, एका उदाहरणासह

समजा, मानक म्हणते की बाहेरून येणारे प्रत्येक कनेक्शन टीएलएस १.२ किंवा त्यापुढचे हवे. (टीएलएस १.० आणि १.१ हे आयईटीएफने २०२१ मध्ये आरएफसी ८९९६ द्वारे अधिकृतपणे बाद केले.) पण एका भागीदाराची जुनी यंत्रणा फक्त १.१ बोलते आणि ती बदलायला त्याला नऊ महिने हवेत.

अर्जात मोडले जाणारे कलम क्रमांकासह लिहा. ‘सुरक्षा धोरणातून सूट’ एवढे मोघम लिहिलेत, तर अर्ज परत येईल. कोणते पर्याय तपासले आणि ते का जमले नाहीत, तेही हवे: इथे भागीदाराच्या बाजूला प्रॉक्सी बसवणे हा पहिला प्रश्न असेल. सोबत डिझाइनची आकृती, पर्यायी संरक्षण (त्या भागीदाराच्याच आयपी पत्त्यांना परवानगी, शक्य तेवढा कमी डेटा, लॉगवर लक्ष) आणि मानकाकडे परतण्याची योजना जोडा. योजनेत तारीख, जबाबदार माणूस आणि मंजूर निधी हवा. निधी नसेल तर त्या तारखेला अर्थ नाही.

सगळ्यात जास्त अर्ज व्याप्तीवर अडकतात. ‘फक्त एका भागीदारासाठी’ असे लिहिणे सोपे असते, पण प्रत्यक्ष कॉन्फिगरेशन तसे वागेलच असे नाही. एनजिनएक्समध्ये हे घाला:

```
ssl_protocols TLSv1.1 TLSv1.2;
ssl_ciphers DEFAULT:@SECLEVEL=0;
```

दुसरी ओळ लागते, कारण ओपनएसएसएल ३ मध्ये टीएलएस १.१ सुरक्षा-पातळी शून्यावरच चालते. पण एकाच आयपी आणि पोर्टवर अनेक सर्व्हर ब्लॉक असतील, तर डिफॉल्ट सर्व्हरचा `ssl_protocols` बाकीच्यांनाही लागू होऊ शकतो. म्हणजे सवलत एकाला दिली आणि दार सगळ्यांना उघडले. म्हणून अर्जात वेगळा आयपी किंवा वेगळा पोर्ट दाखवा. मग मुख्य पत्त्यावर तपासा:

```
openssl s_client -connect example.com:443 -tls1_1 -cipher 'DEFAULT:@SECLEVEL=0'
```

कनेक्शन जुळले, तर अपवाद गळतोय. शेवटचा `-cipher` भाग विसरलात, तर तपासणारे मशीन स्वतःच नकार देईल आणि सगळे ठीक असल्याचा भास होईल. या तपासणीचा निकाल अर्जाला जोडलेला असला की बैठक लवकर आटोपते.

निर्णय आणि नोंद

आधी एक आर्किटेक्ट अर्ज वाचून त्रुटी काढतो, मग अर्ज बैठकीत येतो. निर्णय मंजूर, सशर्त मंजूर, नामंजूर किंवा फेरसादर यांपैकी एक असतो. सशर्त मंजुरीत प्रत्येक अट तपासता येईल अशीच असावी. ‘शक्य तितक्या लवकर’ ही अट नव्हे.

निर्णय इतिवृत्तात राहिला तर तो हरवतो. अपवादांची वेगळी नोंदवही ठेवतात आणि वरच्या प्रकरणाची नोंद साधारण अशी होईल: अपवाद क्रमांक, कलम, व्याप्ती (एक पोर्ट, एक भागीदार), कारण, अटी, जोखीम स्वीकारणारा, मंजुरीची तारीख, मुदत नऊ महिने, आणि मुदतीच्या साठ दिवस आधी आढावा. तोच क्रमांक कॉन्फिगरेशन फाइलमधल्या कॉमेंटमध्ये लिहावा. वर्षभराने ती ओळ पाहणाऱ्याला ती का आहे, हे तिथेच कळते.

मुदत संपली की सवलत आपोआप रद्द धरतात. वाढ हवी असेल तर नवा अर्ज करायचा आणि त्यात पहिल्या योजनेतले काय झाले, काय राहिले हे सांगायचे. दुसऱ्यांदा मुदतवाढीची सही मूळ सहीपेक्षा एका पातळीने वरची घ्यावी, असे माझे मत आहे. आणि एकाच कलमावर वेगवेगळ्या प्रकल्पांचे अर्ज येऊ लागले, तर बोर्डाने अर्जांऐवजी ते कलमच चर्चेला घ्यावे.