ड्राइव्हचं सेटिंग: नेमप्लेट, ऑटोट्यून आणि कॅरियर फ्रिक्वेन्सी

थ्री फेज मोटारचा स्पीड कमीजास्त करायला जो ड्राइव्ह (व्हीएफडी) बसवतात, त्याला आधी ही मोटार कोणती आहे ते सांगावं लागतं. ती माहिती मोटारवरच्या पत्र्यावर, म्हणजे नेमप्लेटवर असते. लातूरच्या डाळमिलमधली तूर वर चढवणाऱ्या एलिव्हेटरची मोटार धरू: ७.५ किलोवॅट म्हणजे १० एचपी, ४१५ व्होल्ट डेल्टा, १४ अँपिअर, ५० हर्ट्झ, १४४५ आरपीएम. हे आकडे जसेच्या तसे टाकायचे.

चुकतं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे आरपीएम. बरेच जण १४४५ बघून "चार पोलची हाय ना, मग १५०० टाक" म्हणतात. पण १५०० हा फिरत्या चुंबकीय क्षेत्राचा स्पीड झाला, शाफ्ट त्याच्या ५५ आरपीएम मागे राहतो आणि या मागे राहण्यालाच स्लिप म्हणतात, लोड त्याच्यावरच ओढला जातो. १५०० टाकलं की स्लिप शून्य झाली, मग लोड आल्यावर स्पीड किती पडणार ते ड्राइव्हला कळतच नाही. दुसरं म्हणजे अँपिअर. ड्राइव्हवर १७ लिहिलेलं असतं म्हणून १७ टाकतात, पण मोटार १४ ची आहे आणि ओव्हरलोडचं संरक्षण याच आकड्यावर चालतं, मग मोटार तापून जळायला लागली तरी ड्राइव्ह गप्प बसतो.

जुना स्टार-डेल्टा स्टार्टर काढून ड्राइव्ह लावला असेल तर मोटारचा टर्मिनल बॉक्स उघडून बघाच. सहा वायरींच्या जागी आता तीनच येतात, त्यामुळे पट्ट्या डेल्टात लावाव्या लागतात. चुकून स्टारमध्ये राहिल्या तर टॉर्क साधारण एक तृतीयांशावर येतो, रिकामा एलिव्हेटर मस्त फिरतो आणि तूर पडली की बसतो.

यानंतर ऑटोट्यून. नेमप्लेटवर वाइंडिंगचा रेझिस्टन्स किंवा चुंबकीय करंट लिहिलेला नसतो, तो ड्राइव्ह स्वतः मोजतो. उभ्या मोटारवर होतो तो स्टॅटिक, त्यात रेझिस्टन्स आणि लीकेज इंडक्टन्स मिळतात. फिरवून होतो तो रोटेटिंग, त्यात चुंबकीय करंटही नीट मिळतो, पण त्याला बेल्ट काढून शाफ्ट मोकळा करावा लागतो. एलिव्हेटरसारख्या ठिकाणी बेल्ट काढणं जमत नसेल तर स्टॅटिकवर भागवतात, आणि साध्या व्हीबायएफ मोडला तेवढं पुरतं. मोटार थंड असताना करा, तापलेल्या तांब्याचा रेझिस्टन्स जास्त येतो. केबलही कायमचीच जोडलेली पाहिजे, कारण तिचा रेझिस्टन्स त्याच मोजणीत धरला जातो. आणि स्टॅटिकमध्ये मोटार फिरत नसली तरी टर्मिनलवर व्होल्टेज असतं, तेव्हा हात लांब. झाल्यावर नो-लोड करंट बघा. अशा मोटारीला तो साधारण ५ ते ७ अँपिअर दिसायला पाहिजे, १ किंवा १३ दिसला तर नेमप्लेटचा एखादा आकडा किंवा टर्मिनलच्या पट्ट्या परत तपासा.

आता कॅरियर फ्रिक्वेन्सी, जिच्यावरून मिलमध्ये सगळ्यात जास्त वाद होतात. ड्राइव्ह डीसी व्होल्टेजचे तुकडे करून एसी बनवतो आणि हे तुकडे करण्याचा वेग म्हणजे कॅरियर, बहुतेक ड्राइव्हमध्ये २ ते १५ किलोहर्ट्झच्या आसपास. २ ते ४ वर मोटार शिट्टीसारखी वाजते, कारण माणसाचा कान नेमका त्याच पट्ट्यात सगळ्यात तेज असतो. १० च्या वर नेलं की आवाज बराच कमी होतो आणि करंट गुळगुळीत झाल्याने मोटारही थोडी गार राहते. पण हे तुकडे करणारा ड्राइव्हमधला स्विच, म्हणजे आयजीबीटी, प्रत्येक ऑन-ऑफला थोडी उष्णता सोडतो, कॅरियर तिप्पट केला की हे स्विचिंगचं नुकसानही जवळपास तिप्पट, म्हणजे मोटारचा आवाज गेला पण ताप ड्राइव्हच्या गळ्यात पडला.

मिलमध्ये हेच होतं. ऑफिसजवळ शिट्टी वाजते म्हणून कोणीतरी ४ चा १२ करतो, डिसेंबरात काही होत नाही, मे महिन्यात बाहेर ४२ डिग्री, बंद पॅनेलमध्ये त्याच्याही वर, हीटसिंकच्या फटीत चुनी अन् भुसा भरलेला, मग दुपारी दोनला ओव्हरहीट ट्रिप आणि संध्याकाळी आपोआप बरं. करंट बघावा तर १२ अँपिअर, म्हणजे मोटारवर लोड काहीच जास्त नाही, तरी लोक ड्राइव्ह सोडून बेअरिंग तपासत बसतात. काही ड्राइव्ह ट्रिप न होता कॅरियर स्वतःच खाली आणतात, तेव्हा दुपारी मोटारचा सूर बदलतो, तो बदल ऐकू आला की समजायचं आत तापलंय. मॅन्युअलमध्ये कॅरियर वाढवल्यावर ड्राइव्हचे किती अँपिअर कमी धरायचे याचा तक्ता असतो, आणि बऱ्याच ड्राइव्हचं पूर्ण रेटिंग ४० डिग्रीपर्यंतच धरलेलं असतं, ते पण बघावं.

केबल लांब असेल, म्हणजे पॅनेल इकडे अन् मोटार शंभर मीटरवर विहिरीत, तर कॅरियर २ ते ४ वरच ठेवा. लांब केबलमधून जमिनीकडे जाणारा लीकेज करंट कॅरियरसोबत वाढतो आणि ईएलसीबी उगाच पडत राहतो. अशा डाळमिलला माझ्या मते ४ ठीक, शिट्टी सहन होत नसेल तर ६ करून भर दुपारी हीटसिंकचं तापमान मॉनिटर पॅरामीटरमध्ये बघायचं, आणि त्याच्या आधी पंख्याची जाळी साफ करायची.