जुन्या पत्राच्या छायाचित्रावरून सारांशलेखन

जुन्या पत्राच्या छायाचित्रावरून सारांशलेखन : दप्तरातील मूळ कागद हाताशी नसताना त्याच्या छायाचित्रावरून पत्राचा लेखक, संदर्भ, त्यातील विधाने आणि संभाव्य पक्षपात या चार बाबी वेगवेगळ्या नोंदवण्याची इतिहाससंशोधनातील पद्धत. मराठ्यांच्या इतिहासाची बरीचशी साधने मोडी लिपीतील पत्रे असल्याने ही पद्धत महाराष्ट्रातील अभ्यासकांच्या रोजच्या वापरातली आहे.

पहिले काम छायाचित्र तपासण्याचे असते. कागदाच्या चारही कडा दिसतात का आणि पाठीमागची बाजू टिपली आहे का, हे आधी पाहावे, कारण पत्र पोचल्याची ‘पैवस्ती’ची नोंद पुष्कळदा मागे असते. शिवकालीन राजपत्रांत माथ्यावर मुख्य मुद्रा आणि शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही मोर्तब, म्हणजे समाप्तीची मुद्रा, असते; खालची कड छायाचित्रात कापली गेली असेल, तर पत्र तिथेच संपले असे गृहीत धरता येत नाही. मुद्रा आणि मोर्तब दोन्ही नसतील, तर समोरचा कागद नक्कल असण्याची शक्यता सारांशातच नोंदवावी लागते. सुहूर सन या जुन्या दप्तरांतील कालगणनेतला कालनिर्देश अरबी संख्याशब्दांत असतो. ‘अर्बा सबैन व अलफ’ म्हणजे चार, सत्तर आणि हजार, अर्थात १०७४. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन १६७३–७४ मिळतो. हे वर्ष मृगाच्या सुमारास बदलते, म्हणून महिना वाचता आला नाही तर दोन्ही इसवी वर्षे लिहिणे योग्य.

चिपळूण तालुक्यातील हलवर्ण येथे मुक्कामास असलेल्या पागेच्या, म्हणजे सरकारी घोडदळाच्या, जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास पाठवलेले आज्ञापत्र या पद्धतीची उत्तम कसोटी घेते. लेखक म्हणून महाराजांचे नाव येईल, पण अक्षर चिटणिशी कारकुनाचे असू शकते, म्हणून आज्ञा कोणाची आणि हात कोणाचा हे दोन रकान्यांत लिहावे. संदर्भ पत्रातच स्पष्ट आहे : पावसाळा तोंडावर आला आहे, कटक म्हणजे फौज घाटावर जाणार नाही, लष्कर छावणीस लावले आहे आणि दाभोळच्या सुभ्यात पागेसाठी केलेल्या साठ्यापैकी बराचसा खर्ची पडला आहे.

खरी अडचण विधानांच्या बाबतीत येते. साठा खर्च झाला आणि चिपळुणाच्या आसपासच्या मुलखाला लष्कराचा ताप झाला, ही घडून गेलेल्या गोष्टींची विधाने आहेत. उरलेले दाणा-वैरण बेहिशेब वापरले तर पावसाळ्यात घोडी मरतील, मग लोक कुणब्यांकडून दाणे, भाकर, गवत, फाटे, भाजीपाला आणू लागतील आणि रयतेला तुम्ही मोगलांपेक्षाही अधिक वाटाल, ही सारी पुढची, अटीवर बांधलेली विधाने आहेत. सारांशात ‘सैनिकांनी रयतेचा भाजीपाला लुटला’ असे लिहिणारा अट गाळतो, आणि ‘सैनिक भाजीच्या देठासही हात लावत नसत’ असे लिहिणारा आज्ञेलाच आचरण समजतो. दोन्ही चुका वारंवार होतात, आणि दुसरी तर आदरापोटी होते म्हणून अधिक जपून टाळायला हवी. त्यावर उपाय सोपा आहे : प्रत्येक विधानापुढे ‘घडले’, ‘घडेल अशी भीती’ किंवा ‘करावे अशी आज्ञा’ यांपैकी एक खूण करावी आणि मूळ क्रियापद जसेच्या तसे उतरवून ठेवावे. रात्री दिवा जळत राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी जळतील, हा इशाराही याच रीतीने ‘भीती’ या खुणेखाली जातो; त्यावरून आग लागली होती असा निष्कर्ष निघत नाही.

पक्षपात नोंदवताना पत्राचा हेतू पाहावा. धाक घालून शिस्त लावायची असल्याने परिणाम भडक रंगवले असण्याची शक्यता आहे, आणि मोगलांशी केलेली तुलना ही रयतेची साक्ष नसून अधिकाऱ्यांना लाज वाटावी म्हणून आज्ञा करणाऱ्याने योजलेला युक्तिवाद आहे. कुणब्याचा आवाज या कागदात कुठेच प्रत्यक्ष येत नाही. राज्यकर्त्याला रयतेच्या नुकसानीची चिंता होती आणि ती त्याने साध्या बोलीत, बारीकसारीक तपशिलांसह मांडली, एवढे मात्र हे पत्र भक्कमपणे सिद्ध करते. आज्ञा पाळली गेली की नाही हे ठरवण्यासाठी त्याच भागातील तक्रारींचे महजर म्हणजे निवाडापत्रे, वसुलाचे हिशेब किंवा नंतरची ताकीदपत्रे शोधावी लागतात, आणि ती मिळेपर्यंत सारांशात तो रकाना रिकामा ठेवला जातो.