नकार दोन, पण होकार होतोच असं नाही

माझी भाची रशियात डॉक्टरकी शिकते. सुट्टीला सांगलीला आली तेव्हा जेवताना तिनं एक वाक्य ऐकवलं: ‘निक्तो निचेवो न्ये स्काझाल.’ शब्दाला शब्द लावला तर ‘कुणी-नाही, काही-नाही, नाही बोललं’. अर्थ मात्र साधा: कुणी काही बोललं नाही.

दाजी गणिताचे शिक्षक. ते म्हणाले, “उणे गुणिले उणे अधिक. तीन उणे होते म्हणून उत्तर उणे आलं. एक काढून बघ.”

तिनं एक काढला: ‘निक्तो न्ये प्रिशोल.’ नकार दोन उरले, आणि अर्थ ‘कुणी आलं नाही’. मग दाजींनी घास खाली ठेवला.

इथं नकारांचा गुणाकार होतच नाही, ते एकमेकांशी जुळतात. आपल्याकडे लिंगाचं असंच चालतं. ‘माझी थोरली बहीण आली’ या वाक्यात स्त्रीलिंगाची खूण ‘माझी’, ‘थोरली’ आणि ‘आली’ अशी तीनदा येते, म्हणून कुणी तीन बहिणी मोजत नाही. रशियनमध्ये नकाराची खूण तशी वाक्यभर पसरते. याला नकारांची जुळणी म्हणू. त्यातला ‘न्ये’ गाळला, तर अर्थ उलटत नाही, वाक्यच मोडतं.

पण त्याच भाषेत ‘न्ये मोगू न्ये स्काझात्’ असंही म्हणतात, म्हणजे ‘मला सांगितल्याशिवाय राहवत नाही’. इथं क्रियापदं दोन आहेत आणि प्रत्येकाला स्वतःचा ‘न्ये’ आहे. बाहेरचा नकार आतल्या नकाराला नाकारतो. हा खरा दुहेरी नकार, आणि इथं दाजींचं गणित बरोबर बसतं.

मराठीत हे रोज कानावर पडतं. हळद पिकवणारा म्हणतो, ‘वाळल्याशिवाय सौद्याला नेत नाही.’ ‘शिवाय’ वाळण्याला नाकारतो, ‘नाही’ नेण्याला. मिळून अर्थ होतो, वाळली तरच नेतो. आता ‘नाही’च्या जागी होकार ठेवा: ‘वाळल्याशिवाय सौद्याला नेतो.’ वाक्य धड आहे, पण अर्थ उलटा झाला, ओली हळद बाजारात पोचली. एक नकार काढल्यावर अर्थ उलटला, की नकार दुहेरी होता असं समजावं.

मग ‘कुणीही आलं नाही’ ही जुळणी का? मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं. पण ‘कुणीही’मध्ये नकार नाहीच. ‘जेवायला कुणीही येऊ शकतं’ हे आपण आनंदानं म्हणतो. म्हणजे त्या वाक्यात नकार एकच, शेवटचा ‘नाही’.

भाचीला मी विचारलं, “रशियनमध्ये ‘कोण आलं?’ म्हटलं तर नुसतं ‘निक्तो’ चालतं?”

“चालतं की मामा, म्हणजे कुणी नाही.”

मराठीत त्याच प्रश्नाला नुसतं ‘कुणीही’ म्हणून बघा. ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो. ‘नाही’ म्हटल्यावरच त्याला उत्तर मिळतं.